ताळा जुळल्यानंतर

लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करणाऱ्या घरात मी वाढलो आणि पुढे पस्तीस वर्षे बँकेच्या तपासणी विभागात काढली. त्यामुळे ‘हिशेब जुळला’ हे शब्द कानावर पडले की मन आपोआप निवांत होते. त्या सवयीला ज्या कामाने तडा दिला, त्या कामाची ही हकीकत आहे. काम तसे लहानच. एका वाचनालयाचे सात वर्षांचे खातेउतारे संगणकाकडून वाचून घ्यायचे, त्यांचा तक्ता करायचा आणि तो तक्ता विश्वासार्ह आहे की नाही ते ठरवायचे. वाचनालयाचे नाव, आकडे आणि काही तपशील ओळख पटू नये म्हणून मी बदलले आहेत. तपासणीची रीत आणि सापडलेल्या चुकांचे प्रकार मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

हे वाचनालय कृष्णाकाठचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्याचे तळघर चार दिवस पाण्याखाली होते. पुस्तके गेली, ती हळूहळू पुन्हा आली. हिशेबाच्या वह्या गेल्या त्या गेल्याच. वरच्या मजल्यावरच्या कपाटात होती म्हणून रोकड वही तेवढी वाचली. पुढे तीस वर्षे नोकरी केलेल्या ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या आणि त्यांची देणी द्यायची वेळ आली, तेव्हा कार्यकारिणीतल्या एकाने जुना प्रश्न उकरून काढला. बँकेतून काढलेली सगळी रोख रक्कम वहीत आली होती का? चेकवर सह्या अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष यांच्या असत, पण बँकेत जाऊन पैसे आणायचे काम बाईंचे होते. हिशेब लागेपर्यंत देणी थांबवायची, असा ठराव झाला. बँकेने एप्रिल २०१२ ते मार्च २०१९ या काळातले उतारे दिले. सुरुवातीच्या वर्षांच्या ठिपक्यांच्या छपाईच्या फिकट झेरॉक्स प्रती होत्या, नंतरच्या वर्षांच्या स्वच्छ पीडीएफ. मिळून ११८ पाने. ती माझ्याकडे आली.

यंत्र वाचते म्हणजे काय करते

हाताने सगळे टिपायचे तर दोन महिने गेले असते. माझा भाचा संगणक अभियंता आहे. तो म्हणाला, “मामा, पानांचे फोटो एलएलएमला देऊ. ते ओळी वेगळ्या करून तक्ता देईल.” एलएलएम म्हणजे प्रचंड मजकुरावर शिकवलेले भाषेचे मॉडेल. आताची अशी काही मॉडेल चित्रही पाहू शकतात. उतारे खासगी असल्यामुळे ते बाहेरच्या कोणत्याही सेवेकडे पाठवायचे नाहीत, एवढी एक अट मी घातली. भाच्याने स्वतःच्या संगणकावर चालणारे मॉडेल वापरले आणि खातेक्रमांक फोटोंवर आधीच झाकून टाकला.

प्रत्येक ओळीतून सहा गोष्टी हव्या होत्या: तारीख, तपशील, चेक क्रमांक, नावे पडलेली रक्कम, जमा रक्कम आणि शिल्लक. त्याबरोबर पान क्रमांक आणि त्या पानावरचा ओळीचा क्रमांकही मागितला. तक्त्यातल्या कोणत्याही खान्यावर बोट ठेवून मूळ कागदावर त्याच ओळीशी जाता आले पाहिजे. ही सोय सुरुवातीलाच केली नाही, तर पुढची सारी तपासणी शोधाशोधीत जाते. मॉडेलला दोन सूचना ठामपणे दिल्या. छापले आहे तसेच लिही, बेरीज-वजाबाकी करू नकोस. आणि वाचता आले नाही तर खाना रिकामा सोड.

पूर्वीची अक्षरओळख करणारी साधने आणि हे मॉडेल यांत एक फरक आहे, आणि तो समजल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. जुने साधन अक्षराचा आकार पाहत असे. चुकले तर ‘एस’च्या जागी पाचाचा आकडा टाके. शब्द वेडावाकडा दिसे आणि चूक चटकन डोळ्यांत भरे. मॉडेल आकार पाहते, त्याचबरोबर अशा जागी सहसा काय येते याचाही अंदाज बांधते. कागद फिकट असेल तिथे अंदाजाचे वजन वाढते. त्यामुळे त्याची चूक स्वच्छ, शुद्ध आणि शक्य कोटीतली असते. एखाद्या हुशार कारकुनाने न विचारता दुरुस्ती करून नक्कल काढावी, तशी.

साहित्याच्या वाचकांना हे अपरिचित वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्णत्वास गेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशाच प्रश्नाशी झुंजत तयार झाली. नक्कल करणारा लेखक अवघड शब्द दिसला की नकळत ओळखीचा शब्द लिहून जातो. म्हणून दोन पाठांत निवड करायची वेळ आली की पाठचिकित्सक सहसा अवघड पाठाकडे झुकतो, कारण सोप्याचे अवघड करण्याचे कारण नक्कलकाराला नसते. आमच्या कामात पुढे नेमके हेच आडवे आले. पण आधी आकड्यांविषयी.

शिल्लकेची साखळी

खातेउताऱ्याचे भाग्य असे की त्याचा ताळा त्याच्यातच छापलेला असतो. मागच्या ओळीची शिल्लक घ्या, जमा मिळवा, नावे वजा करा; या ओळीची शिल्लक आली पाहिजे. प्रत्येक ओळ अशी आधीच्या ओळीत कडीसारखी अडकलेली असते. ही बेरीज-वजाबाकी मॉडेलवर न सोपवता वेगळ्या साध्या प्रोग्रॅमने करायची, आणि रुपयांऐवजी पैशांच्या पूर्णांकांत करायची. दशांश चिन्हांच्या आकडेमोडीत संगणक अगदी सूक्ष्म फरक करतो आणि मग जुळलेली ओळही न जुळल्यासारखी दिसते.

पहिल्या वाचनात मॉडेलने ३,२०१ ओळी दिल्या. साखळी ६१ जागी तुटली. भाचा निराश झाला. मला मात्र बरे वाटले, कारण साखळी कशी तुटली यावरून काय चुकले ते बरेचदा ओळखता येते. एक उदाहरण घेऊ.

मूळ कागदावर असे आहे. मागील शिल्लक ८४,२१५.५०. १२ जूनला ४,८५० नावे, शिल्लक ७९,३६५.५०. १५ जूनला ६,००० जमा, शिल्लक ८५,३६५.५०. त्याच दिवशी १,५०० नावे, शिल्लक ८३,८६५.५०.

समजा मॉडेलने ४,८५० ऐवजी ४,५८० वाचले. मग त्या ओळीत २७० चा फरक येईल आणि पुढे सगळे सुरळीत चालेल, कारण छापील शिल्लक बरोबर वाचली गेली आहे. एकच कडी तुटली, तर रक्कम चुकल्याचा संशय घ्यावा. शिवाय २७० ला नवाने भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटेपालटे झाले की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो, हे जुन्या कारकुनांना तोंडपाठ असे. नवाने भाग गेला म्हणजे अंकच उलटले असे सिद्ध होत नाही, पण आधी कुठे पाहायचे ते कळते.

आता समजा रक्कम बरोबर वाचली, पण शिल्लक ७९,३६५.५० ऐवजी ७९,८६५.५० वाचली. फिकट छपाईत तिनाचा आठ सहज होतो. मग त्या ओळीत ५०० जास्त दिसतील आणि पुढच्याच ओळीत ५०० कमी. लागोपाठ दोन कड्या सारख्याच पण उलट्या फरकाने तुटल्या, की मधली शिल्लक चुकली आहे असे समजावे. १५ जूनचे ६,००० जमेऐवजी नावेच्या खान्यात गेले, तर फरक १२,००० येईल, म्हणजे रकमेच्या बरोबर दुप्पट. आणि १,५०० ची ओळच गळाली, तर पुढच्या ओळीत फरक नेमका १,५०० चा येईल.

आमच्या ६१ तुटींची फोड अशीच झाली. २६ ठिकाणी रक्कम चुकली होती, १४ ठिकाणी नावे-जमा बदलले होते, नऊ ठिकाणी ओळ गळाली होती. सहा ठिकाणी शिल्लक चुकली होती आणि तिथे प्रत्येकी दोन कड्या तुटल्या होत्या. गळालेल्या ओळी बहुतेक पानाच्या तळच्या होत्या, किंवा ज्यांचा तपशील दोन ओळींत मोडला होता अशा होत्या. एका वर्षाच्या उताऱ्याची अखेरची शिल्लक आणि पुढच्या वर्षाची आरंभीची शिल्लक यांचाही सांधा तपासला. एखादे पान मध्येच हरवले असेल तर ते तिथे कळते. आमचे सातही वर्षांचे सांधे जुळले.

दुरुस्तीतला धोका

इथे आमच्या हातून एक चूक झाली आणि ती सांगणे आवश्यक आहे. वेळ वाचावा म्हणून भाच्याने तुटलेल्या पानांपैकी सहा पाने मॉडेलला परत दिली आणि सोबत सांगितले की अमुक ओळीत २७० चा फरक येतो आहे, पुन्हा वाच. सहाही पाने जुळून आली. मी सवयीने मूळ कागद काढले. त्यांतल्या एका पानावर मॉडेलने ‘बँक शुल्क २७०’ अशी एक ओळ घातली होती. कागदावर तशी ओळ कुठेच नव्हती.

त्याला मी लबाडी म्हणणार नाही. फरक सांगितल्यामुळे काय हवे आहे ते मॉडेलला कळले आणि मागितले ते त्याने दिले. पण एकदा असे झाले की ताळ्याचा अर्थच संपतो. वाचलेले बरोबर आहे की नाही हे ताळ्याने सांगायचे असते. वाचणाऱ्यानेच ताळा जुळवून दिला, तर त्या जुळण्यातून काहीच सिद्ध होत नाही. नापास विद्यार्थ्याच्या हाती उत्तरपत्रिकेबरोबर उत्तरांची यादी द्यावी, तसला तो प्रकार.

तेव्हापासून तीन नियम केले. मॉडेलला फरक सांगायचा नाही. पुन्हा वाचायला द्यायचे तर पान नव्याने, काहीही न सांगता द्यायचे, आणि दोन्ही वाचनांत फरक पडला तर माणसाने कागद पाहायचा. दुसरे, रकमांचा आणि शिल्लकेचा स्तंभ फोटोतून कापून वेगवेगळा वाचायला द्यायचा. समोर रक्कमच नसेल, तर शिल्लक हिशेबाने काढून लिहिण्याचा मोह मॉडेलला होऊ शकत नाही. तिसरे, हाताने केलेली प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या वहीत नोंदवायची: आधी काय होते, नंतर काय केले, कोणी आणि कधी.

रिकाम्या खान्यांचे महत्त्वही तेव्हाच कळले. २०१३ सालच्या एका पानावर फितीची शाई संपत आल्यामुळे शेवटच्या पाच शिल्लका मला भिंगाखालीही वाचता येत नव्हत्या. पहिल्या वाचनात मॉडेलने त्या पाचही लिहिल्या होत्या आणि त्या तंतोतंत जुळत होत्या. सूचना असूनही त्याने मागच्या आकड्यांवरून हिशेब केला होता, हे उघड होते. स्तंभ वेगळा करून दिला तेव्हा चार खाने रिकामे आले. डागाळलेल्या पानाच्या तक्त्यात एकही रिकामी जागा नसेल, तर तो तक्ता आधी तपासायला घ्यावा. अशा ठिकाणी रिकामी जागा हीच प्रामाणिकपणाची खूण असते.

साखळीला न दिसणारे

आठवडाभरात साखळीत एकही तूट उरली नाही. तरीही मी भाच्याला प्रत्येक पानावरच्या ओळी मोजायला लावले. एका पानावर कागदावर २८ ओळी होत्या, तक्त्यात २६. एका वर्गणीदाराचा २,००० चा चेक जमा झाला होता आणि न वटता त्याच दिवशी परत गेला होता. मॉडेलने या दोन्ही ओळी गाळल्या होत्या. जमा दोन हजार, नावे दोन हजार. दोन्ही गेल्या तरी शिल्लकेला काही कळले नाही. खाली ‘चेक परत शुल्क’ अशी ओळ मात्र शिल्लक होती, पण परत गेलेला चेक तक्त्यात कुठेच नव्हता. ज्या उताऱ्याच्या शेवटी एकूण नावे आणि एकूण जमा छापलेले असते, तिथे त्या बेरजांवरूनही अशी जोडी पकडता येते. आमच्या जुन्या प्रतींवर त्या बेरजा नव्हत्या, म्हणून मोजणीचा उपयोग झाला. नऊ गळालेल्या आणि या दोन मिळून ओळी ३,२१२ झाल्या.

तारखांचीही एक साखळी असते. उताऱ्यात तारीख मागे जात नाही. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल. मॉडेलने ते अमेरिकी रीतीने ४ मार्च धरले, तर ती ओळ २ एप्रिलनंतर एकदम महिनाभर मागे जाते आणि पकडली जाते. अशा काही ओळी सापडल्या आणि दुरुस्त केल्या.

आता शिल्लक जुळत होती, ओळींची संख्या जुळत होती, तारखा क्रमाने होत्या. मी तक्ता रोकड वहीशी लावून पाहिला. ज्यांच्या तपशिलात ‘सेल्फ’ असे होते, म्हणजे रोख काढण्यासाठी दिलेले चेक, अशा ९४ ओळी होत्या. त्यांपैकी ८७ रकमा रोकड वहीत जमेला होत्या. सात नव्हत्या. त्या सातांची बेरीज १,१२,००० रुपये.

मी हा आकडा अध्यक्षांना कळवला. हे मी करायला नको होते, कारण काम अजून पुरे झाले नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. “साहेब, बाईंना नोटीस काढायची म्हणतात मंडळी. तुमचा हिशेब तर पैशापर्यंत जुळलाय ना?”

जुळला होता. पण शिल्लकेची साखळी काय तपासते, ते नीट पाहिले पाहिजे. ती फक्त रक्कम, ती कोणत्या बाजूची आहे आणि शिल्लक एवढेच तपासते. पैसे कोणाला गेले, कशासाठी गेले, कोणत्या क्रमांकाच्या चेकने गेले, यांतली एकही गोष्ट त्या बेरजेत नसते. तपशिलाच्या खान्यात कोणाचेही नाव लिहा, शिल्लक तीच येईल. आणि माणसावर आरोप ठेवला जातो तो याच खान्याच्या आधारावर. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

नमुना काढण्याची रीत

जिथे अंकगणित पोचत नाही तिथे डोळ्यांना काम करावे लागते. सगळ्या ३,२१२ ओळी पाहणे जमण्यासारखे नव्हते. म्हणून ३०० ओळींचा नमुना काढला. ओळी संगणकाने यादृच्छिक पद्धतीने निवडल्या, म्हणजे प्रत्येक ओळीला निवडले जाण्याची संधी सारखीच होती. स्वतः ‘अधूनमधून’ निवडायला गेले की माणूस नकळत पानाच्या मध्यातल्या, स्पष्ट छापलेल्या ओळी उचलतो, आणि चुका तर कडेला आणि तळाला असतात. डागाळलेली पाने आणि हाताने दुरुस्त केलेल्या ओळी यांची वेगळी यादी करून त्या सगळ्या पाहायचे ठरवले. त्यांची गणती नमुन्यात धरली नाही.

पाहायचे कसे, याचीही एक रीत आहे. तक्ता शेजारी ठेवून कागद वाचला, तर डोळ्यांना तक्त्यातलेच दिसते. आधी ‘सेल्फ’ वाचलेल्या माणसाला फिकट कागदावरही ‘सेल्फ’च दिसेल. म्हणून माझी पत्नी मूळ पानावरची ओळ वाचून, तक्ता न पाहता, सहाही खाने नव्याने टाइप करी. भाचा ते तक्त्याशी लावून पाही. जिथे फरक पडे, तिथे मी भिंग घेऊन बसे. एका ओळीला दीड मिनिट धरले तरी साडेसात तासांचे काम. आम्ही ते तीन संध्याकाळींत केले.

निकाल असा आला. रक्कम आणि शिल्लक यांत चूक शून्य. तारखेत दोन चुका. उताऱ्यात व्यवहाराची तारीख आणि मूल्याची तारीख असे दोन स्तंभ होते आणि मॉडेलने दुसरी उचलली होती. ती एकदोन दिवसांनी पुढची असल्यामुळे क्रम बिघडला नव्हता. चेक क्रमांकात एक चूक. तपशिलात पाच चुका. त्यांपैकी तीन शुद्धलेखनाच्या होत्या, एकीत नाव अर्धे तुटले होते. पाचवी मात्र वेगळी होती.

पत्नीने टाइप केले होते ‘टू शेल्फ’. तक्त्यात होते ‘टू सेल्फ’. इंग्रजीत या दोन शब्दांत एका ‘एच’चाच फरक आहे. मी भिंग घेतले. ‘एच’चे ठिपके फिकट होते, पण होते. वाचनालयाने त्या काळात लोखंडी मांडण्या करून घेतल्या होत्या. त्या पुरवणाऱ्याच्या दुकानाचे नाव ‘शेल्फ’ या शब्दाने सुरू होत असे आणि जुन्या छपाईत तपशिलाचा स्तंभ अरुंद असल्यामुळे पुढचे नाव छाटले जाई. बँकेच्या उताऱ्यात ‘सेल्फ’ पावलोपावली येते. ‘शेल्फ’ कधी येणार? मॉडेलने अवघड पाठ सोडून सोपा पाठ घेतला होता.

नमुन्यात चूक सापडली की ती एक ओळ दुरुस्त करून पुढे जायचे नसते. ती चूक कोणत्या जातीची आहे हे ओळखायचे आणि त्या जातीच्या सगळ्या ओळी तक्त्यातून बाहेर काढायच्या. आम्ही ९४ च्या ९४ ‘सेल्फ’ ओळी मूळ कागदावर पाहिल्या. त्याला दोन तास लागले. सात ठिकाणी ‘शेल्फ’ होते, आणि ते नेमके तेच सात चेक होते. मांडण्यांच्या दुकानदाराकडे जुनी बिले होती. सातही रकमा आणि चेक क्रमांक जुळले. रोकड वहीत त्या रकमा नव्हत्या, कारण ती रोख कधी काढलीच गेली नव्हती.

नमुना काय सांगतो आणि काय सांगत नाही

या गोष्टीचा शेवट गोड झाला म्हणून नमुना-तपासणीने न्याय केला असे म्हणणे सोपे आहे. पण मी नंतर हिशेब मांडून पाहिला, आणि त्याने माझी झोप उडवली. ३,२१२ ओळींत दडलेल्या सात ओळींपैकी किमान एक तरी ३०० च्या यादृच्छिक नमुन्यात येण्याची शक्यता किती? जेमतेम पन्नास टक्के. नाणे उडवावे तशी. दुसऱ्या दिवशी नमुना काढला असता, तर त्या सातांपैकी एकही ओळ कदाचित आली नसती. पत्नीने तीनशे ओळी तितक्याच काळजीने टाइप केल्या असत्या, मी अहवालावर सही केली असती आणि नोटीस गेली असती.

नमुना दर सांगतो. एखादी विशिष्ट ओळ खरी आहे की नाही, ते तो सांगू शकत नाही. ३०० ओळींत शून्य चुका सापडल्या, तर चूक नाहीच असा अर्थ होत नाही. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा आडाखा आहे: तीनला नमुन्याच्या संख्येने भागा. तीन भागिले तीनशे म्हणजे एक टक्का. चुकीचा खरा दर एक टक्क्याच्या आत आहे, असे पंचाण्णव टक्के भरवशाने म्हणता येते. त्याहून अधिक नाही. एक टक्का म्हणजे आमच्या तक्त्यात बत्तीस ओळी. रकमांच्या बाबतीत साखळीचा आधार असल्यामुळे मी निश्चिंत होतो. तपशिलाला तसा आधार नव्हता. तिथे तीनशेत पाच चुका, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. पण इतक्या नमुन्यावरून खरा दर जवळजवळ चार टक्क्यांपर्यंत असू शकतो, म्हणजे ओळी सव्वाशेच्या घरात. अहवालात मी हे तसेच लिहिले: रकमा विश्वासार्ह आहेत, तपशिलाचा खाना वर्षाचा एकूण खर्च कोणत्या सदरात गेला हे ढोबळपणे सांगायला पुरेसा आहे, एकेका व्यवहाराबद्दल निष्कर्ष काढायला पुरेसा नाही.

म्हणून त्यानंतर मी एकच नियम सगळ्यांच्या वर ठेवला. ज्या ओळीच्या आधारावर एखाद्या माणसाबद्दल काही म्हणायचे असेल, ती ओळ नमुन्याच्या नशिबावर सोडायची नाही. ती मूळ कागदावर पाहायची, दोघांनी, एकमेकांचे वाचन न पाहता. आमच्या बाबतीत अशा ओळी फक्त सात होत्या. त्या पाहायला दहा मिनिटे लागली असती. अध्यक्षांना आकडा कळवण्यापूर्वी ती दहा मिनिटे मी द्यायला हवी होती. पैशापर्यंत जुळलेल्या शिल्लकेने मला इतके निवांत केले होते की जी गोष्ट त्या शिल्लकेने कधी तपासलीच नव्हती, तिच्याबद्दलही मी निवांत झालो.

बाईंची देणी गेल्या वर्षी मिळाली. नोटिशीचा विषय त्यांच्या कानावर गेला होता, गावात अशा गोष्टी लपत नाहीत. त्या घरी आल्या, तेव्हा मी त्यांना ते पान दाखवले आणि भिंग दिले. त्यांनी ते बराच वेळ धरले. मग म्हणाल्या, “साहेब, मांडण्या आल्या त्या दिवशी पुस्तकं मीच लावली होती. मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.”

तक्त्यात यासाठी खाना नव्हता. आता आम्ही एक वाढवला आहे. न जुळणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे तो असतो, आणि त्यात लिहायचे असते: संबंधित माणसाला विचारले का, कोणत्या तारखेला, आणि तो काय म्हणाला.